ड्रायव्हरकाकांची झोप कुठल्या कॉलममध्ये?

टेक-फेस्ट जवळ आला की हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक एक्सेल शीट फिरायला लागते. पाहुण्याचं नाव, मोबाईल, फ्लाइट नंबर, लँडिंगची वेळ, गाडी नंबर, ड्रायव्हर. हॉस्पिटॅलिटी कमिटीतली पब्लिक या शीटवर रात्र-रात्र बसते. व्हेज की नॉनव्हेज, बुके कोण देणार, सगळं त्यात असतं. एवढं करूनही ही शीट अर्धवट असते असं माझं स्पष्ट मत आहे. का ते सांगते.

आपलं नाशिक पडलं मधल्यामध्ये. ओझरला विमानतळ आहे, शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर. पण तिथे उतरणारी विमानं मोजकी. त्यामुळे बाहेरचा वक्ता, आणि परदेशातून येणारा तर नक्कीच, मुंबईला उतरतो. मुंबई म्हणजे एका बाजूने साधारण १७० किलोमीटर. मुंबईतल्या कॉलेजचा पिकअप अर्ध्या दिवसाचं काम असतं, आपला पिकअप म्हणजे एका माणसाची अख्खी रात्र.

आता एक केस घेऊ. समजा, एका प्रोफेसरांचं की-नोट शनिवारी सकाळी अकराला आहे. तिकिटावर लिहिलंय: शनिवार, ०१:३५, मुंबई, टर्मिनल २. इथेच पहिली गंमत. आपण मराठीत ‘शनिवारी रात्री दीडला’ म्हणतो तेव्हा शनिवारचा दिवस मावळल्यानंतरची रात्र म्हणतो. तिकिटाचा शनिवार मात्र रात्री बारालाच सुरू झालेला असतो. म्हणजे गाडी नाशिकहून निघायची शुक्रवारी, रात्रीच्या जेवणानंतर. ट्रॅव्हल्सवाल्याला फोनवर नुसतं ‘शनिवारी रात्री’ सांगितलं तर गाडी बरोबर चोवीस तास उशिरा पोचणार, आणि त्यात बिचाऱ्याची चूक काहीच नाही. म्हणून फोनवर ‘शुक्रवारी जेवून निघायचं, पाहुणे शुक्रवारची रात्र संपता संपता बाहेर येतील’ असं बोलावं आणि त्यांच्याकडून एकदा परत म्हणवून घ्यावं. (माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना पावणेतीन म्हटलं की अजून एक सेकंद थांबावं लागतं, त्यामुळे वेळ आकड्यात एसेमेस केलेली बरी.)

दुसरी गोष्ट, ०१:३५ ही पाहुणा हातात येण्याची वेळ नव्हे. ही विमान गेटला लागण्याची वेळ. त्यापुढे इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरची बॅग, कस्टम्स. परदेशी फ्लाइटला या सगळ्याचा तास-सव्वा तास धरावा. म्हणजे प्रोफेसर बाहेर येणार पावणेतीनच्या सुमारास.

मग गाडी किती वाजता निघावी? ‘विमान ट्रॅक करू आणि मग ठरवू’ हे उत्तर हमखास येतं. ओझरसाठी ते बरोबर आहे, विमान उडाल्यावरसुद्धा आपल्याकडे भरपूर वेळ असतो. पण दिल्लीहून मुंबईला यायला विमानाला दोन तासांपेक्षा थोडं जास्त लागतं आणि नाशिकहून आपल्या गाडीला साडेतीन ते चार. म्हणजे विमान अजून जमिनीवर असतानाच आपली गाडी सुटलेली असते! तिथे ट्रॅकिंगने गाडी थांबवता येत नाही, फार तर काकांना घोटीला एक चहा जास्त घे म्हणून कळवता येतं. लांबून, सहा-आठ तास उडून येणाऱ्या विमानाला मात्र ट्रॅकिंगचा खरा उपयोग होतो.

आता बफर. रात्रीचा रस्ता साडेतीन तास धरला तर त्यात अर्धा तास इकडे-तिकडे होणार. विमान वीस मिनिटं मागे-पुढे, इमिग्रेशन वीस मिनिटं मागे-पुढे. या तिन्हींची सरळ बेरीज केली तर ७० मिनिटं. पण मेकॅनिकलच्या मुलांना विचारा, पाच पार्ट एकावर एक बसवताना सगळ्यांचा टॉलरन्स एकाच वेळी एकाच बाजूला जाईल असं कोणी धरत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. ९०० अधिक ४०० अधिक ४०० म्हणजे १७००, त्याचं वर्गमूळ साधारण ४१. थोडक्यात चाळीस मिनिटांचा बफर बहुतेक वेळा पुरतो. दोनच्या सुमारास गाडी पार्किंगला लागायला हवी, म्हणून नाशिकहून साडेदहाला निघावं.

प्रत्यक्षात काय होतं? को-ऑर्डिनेटर ‘सेफ साइड’ म्हणून अर्धा तास आधीची वेळ सांगतो. त्यावर सर अर्धा तास टाकतात. ट्रॅव्हल्सवाला स्वतःचा अर्धा टाकतो. विमान कंपनीनेही वेळापत्रकात थोडी सवलत धरलेलीच असते, ती वेगळी. आणि काका साडेदहाऐवजी नऊला निघून साडेबाराला पार्किंगमध्ये डास मारत बसतात. सेफ साइड कोणाची, हे कोणी विचारत नाही. बफर एकाच माणसाने एकदाच टाकावा आणि शीटवर तसा लिहावा, म्हणजे पुढचा माणूस पुन्हा टाकणार नाही.

एक अट मात्र लक्षात ठेवायला हवी. वर्गमूळाचा हिशोब तिन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. जुलैमध्ये त्या स्वतंत्र नसतात. जो पाऊस मुंबईवर विमानाला घिरट्या घालायला लावतो, तोच भिवंडीला ट्रकची रांग लावतो. तेव्हा गुपचूप पूर्ण बेरीज घ्यायची. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसाऱ्याचा घाट बोगद्यातून टाळता येतो. पण आमणेच्या पुढचं भिवंडी-ठाणे जिथल्या तिथे आहे, त्यामुळे बफर फार कमी करू नये.

इथपर्यंतचं सगळं कमिटीला एकदा समजावलं की जमतं. माझा खरा मुद्दा पुढे आहे.

शीटमधला ‘ड्रायव्हर’ हा कॉलम नाव आणि नंबरपुरता असतो. आपल्या केसमधल्या काकांचा शुक्रवार बघा. सकाळी सहाला उठले, कारण साडेसातला एका पाहुण्यांना नाशिकरोड स्टेशनवरून आणायचं होतं. दुपारी ओझरचा एक ड्रॉप. संध्याकाळी गेस्ट हाऊस ते ऑडिटोरियम अशा चार फेऱ्या. रात्री साडेदहाला मुंबई. शीटमध्ये हे चार वेगवेगळ्या ओळींवर, चार वेगवेगळ्या मुलांच्या नावापुढे असतं, त्यामुळे हा एकच माणूस आहे हे कुणाच्याच लक्षात येत नाही. जाताना इगतपुरी यायच्या आत, रात्री अकरालाच, काकांना जागून सतरा तास होतात. सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया किती मंदावते हे डॉसन आणि रीड या दोघांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे पिऊन गाडी चालवणारा ड्रायव्हर आपण पाहुण्यांसाठी कधीच पाठवणार नाही, पण तितकाच मंद झालेला माणूस बुके देऊन पाठवतो.

आणि ही झाली जातानाची गोष्ट. परत येताना गाडी कसाऱ्याजवळ येते पहाटे साडेचारच्या आसपास. तोवर साडेबावीस तास झालेले. पहाटे दोन ते सहा ही शरीराची झोपेची सगळ्यात जड वेळ, रोज नाइट करणाऱ्यालासुद्धा. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत ६६ मीटर. मागच्या सीटवर आपले की-नोट स्पीकर झोपलेले असतात, त्यांना काहीच कळत नाही. कळायची लक्षणं समोर असतात: काका एकदम गप्प होतात, काच खाली करतात, वेग उगाच कमी-जास्त होतो, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊन परत येते. अशा वेळी चहा नव्हे, टोलनाक्यापुढच्या ढाब्यावर वीस मिनिटांची झोप हवी. पण सोबत एक विद्यार्थी पुढच्या सीटवर जागा असला तरच हे कोणी म्हणणार.

असं का होतं, तर पैशाच्या हिशोबामुळे. बाहेरगावच्या गाडीचं भाडं बहुतेक ठिकाणी कॅलेंडरच्या दिवसावर लागतं, रात्री बारा ते रात्री बारा. शुक्रवारी रात्री निघालेली गाडी शनिवारी सकाळी आली की दोन दिवसांचं बिल. मग ट्रेझरर म्हणतो, शुक्रवारचे पैसे देतोच आहोत तर दिवसभर वापरून घेऊ! गाडी वापरून घेता येते हो. ती डिझेलवर चालते.

मी म्हणते, शीटमध्ये एक कॉलम वाढवा: ‘आधीची ड्यूटी कधी संपली’. रात्रीच्या मुंबई फेरीआधी तिथे निदान आठ तासांचं अंतर दिसत नसेल तर तो ड्रायव्हर नाही, दुसरा शोधा. आणि सकाळी सातला परतलेल्या काकांचं नाव शनिवारच्या कुठल्याच ओळीत नको.

याहून चांगला मार्ग म्हणजे ही रात्रच काढून टाकणं. पाहुण्यांना पहाटे तीनला प्रीपेड टॅक्सीने विमानतळाजवळच्या हॉटेलात जाऊ द्या. गाडी नाशिकहून शनिवारी पहाटे पाचला निघेल, नऊपर्यंत हॉटेलवर पोचेल. सव्वानऊला निघून दुपारी सव्वाला नाशिक, जेवण, आणि भाषण तीनला. भाडं एकाच दिवसाचं, त्यातून हॉटेलचा बराचसा खर्च निघतो. अडचण एकच, उद्घाटनाला की-नोट असलंच पाहिजे हा हट्ट सोडावा लागतो. सीनियर्स म्हणतील ब्रोशर छापून झालंय. मग तिकीट बघून ब्रोशर छापा की, ब्रोशर बघून ड्रायव्हर कशाला दमवता?

ड्रॉपचं थोडक्यात. तिथे वर्गमूळ-बिर्गमूळ विसरा. पिकअपला चुकलो तर पाहुणा अर्धा तास वैतागतो, ड्रॉपला चुकलो तर विमान जातं. रविवारी रात्री साडेआठचं देशांतर्गत विमान असेल तर चेक-इन काउंटर साडेसातला बंद होईल असंच धरायचं. साडेसहाला टर्मिनलवर हवं, रस्ता चार तास, बफर पूर्ण एक तास. गाडी दीडला सुटलीच पाहिजे. आणि ही वेळ ड्रायव्हरला नव्हे, सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला लिहून द्या. कारण दीडला काका गाडी लावून तयारच असतात, स्टेजवर मात्र शाल-श्रीफळ चालू असतं आणि आभारप्रदर्शनाची तीन पानं बाकी असतात. तिथे गेलेला अर्धा तास काकांनी रस्त्यात भरून काढावा अशी अपेक्षा असते, आणि ते काढतातही, घोटीपासून पुढे कसा ते विचारू नका.