लेकरू कुणाच्या भरवशावर?

सेलूला आमच्या गटाची बैठक असली की उशिरा येणारीला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेकरू कोणाजवळ ठेवून आली?" मलाही तीन वर्षं हाच प्रश्न विचारला गेला. माझा नवरा रोज साडेसातच्या बसने वर्ध्याला कामाला जातो, त्याला तो स्टँडवर, ऑफिसात, पानठेल्यावर एकदाही कुणी विचारला नाही. मूल दोघांचं, पण ते ठेवायचं कुणाकडे हा हिशेब बाईच्या खात्यावर लिहिलेला असतो. मी इथल्या एका पतसंस्थेत कारकून आहे. दहा ते साडेपाच नोकरी. मुलगी सोळा महिन्यांची झाली आणि जोडूनजाडून घेतलेल्या रजा संपल्या, तेव्हा तो हिशेब मला करावा लागला.

आपल्याकडे या बाबतीत एक उतरंड ठरलेली आहे. पहिली पसंती घरच्या माणसाची. ते नसेल तर बाई लावायची. तीही मिळाली नाही तर नाइलाज म्हणून पाळणाघर. मीसुद्धा ह्याच क्रमाने तीनही वाटा चालले. आणि आता माझं मत असं झालं आहे की ही उतरंड उलटी मांडायला हवी.

आधी सासूबाईंची गोष्ट. वय 66, दोन्ही गुडघे दुखरे. त्या आनंदानेच हो म्हणाल्या. नातीवर त्यांचा जीव आहे यात शंका नाही. पण सोळा महिन्यांचं मूल म्हणजे पाळण्यातलं बाळ नव्हे. ते चालायला लागलेलं असतं, पण धोका त्याला कळत नाही. अंगणात पाण्याचा टाका, चुलीपाशी गरम पातेलं, हातात येईल तो शेंगदाणा तोंडात. त्याच्यामागे दिवसातून किती वेळा उठबस करावी लागते हे मी एका रविवारी मोजायला घेतलं आणि दुपारपर्यंत मोजणं सोडून दिलं. महिन्याभरात सासूबाई खाटेवरून हाक मारू लागल्या आणि मुलगी खाटेच्या पायाला पातळाच्या पदराने बांधलेली दिसू लागली. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मी पायतो लेकराले, पण माह्या गुडघ्यायचं काय करू?" त्यांचं भजन, सकाळी बहिणीकडे जाणं, दुपारची झोप, सगळं बंद झालं होतं. घरात सगळे म्हणत, "आजीजवळ आहे, काही खर्च नाही." खर्च होताच, तो आजीच्या अंगावर पडत होता. आणि नात्यात एक अडचण असते. दुपारी बिस्किटं देऊ नका, टीव्हीसमोर बसवून भरवू नका, हे सुनेने सासूला सांगायचं कसं? फुकट मिळणाऱ्या कामात तक्रारीला जागाच नसते, तिच्याही आणि माझ्याही.

मग मावशी लावली. आमच्याच वस्तीपलीकडची, तिशीतली, हाताने चपळ, मुलांत रमणारी. महिन्याला 4000 रुपये ठरले. मुलगी तिला लळा लावून बसली आणि मी निर्धास्त झाले. दिवाळीनंतर मावशी आठवड्यातून दोन-तीन दिवस येईना. मला राग आला. गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीजवळ तो बोलून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "वेचणी सुरू आहे ना बाई." बोर धरणाच्या पाण्याने भिजणारा हा कापसाचा पट्टा. वेचणीच्या दिवसांत बाईला किलोवर मजुरी मिळते आणि चांगला हात असेल तर दिवसाला चारशेच्या आसपास पडतात. मी देत होते ते 26 दिवसांवर वाटून पाहिलं, दिवसाला 154 रुपये. समान कामाला समान वेतन मागणारी मी! ती वावरात गेली नसती तरच नवल.

पण खरी गोष्ट त्याहून वेगळी होती आणि ती मला चार महिन्यांनी कळली. मावशीलाही दोन वर्षांचा मुलगा होता. ती माझ्याकडे असताना त्याला कोण पाहत होतं? तिची थोरली मुलगी, वय 11. शाळेच्या पटावर नाव होतं, हजेरी आठवड्यात दोन दिवस. म्हणजे मी नोकरी करावी म्हणून मावशी माझं लेकरू सांभाळत होती, आणि मावशीने ते सांभाळावं म्हणून एक सहावीतली पोरगी घरी बसली होती. या साखळीचं शेवटचं टोक नेहमी एका लहान मुलीच्या हातात असतं. बाई लावणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीने एवढं एकच विचारून पाहावं, "तुमचं लेकरू कुठे असतं?"

हे दुखणं नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया बाळांना अफू घातलेली बाळागोळी चाटवून पाळीवर जात. 1920 च्या सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी या कामगार बायांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्याच बाळांना अफू दिली जात असल्याचं त्यांना आढळलं. त्या आयांना मुलांची माया नव्हती असं नाही, मूल ठेवायला जागा नव्हती. अफू आता गेली, तिच्या जागी सर्दीचं औषध आणि मोबाईल आला. म्हणून दिवसभर निजणारं, संध्याकाळी घेतल्यावरही डोळे जड असणारं मूल "शहाणं" आहे म्हणून खूश होऊ नये. लहान मूल दुपारी दीड-दोन तास झोपतं. चार-पाच तास झोपत असेल तर विचारपूस करायला हवी, मग ते आजीकडे असो, बाईकडे असो की पाळणाघरात.

तिसरी वाट पाळणाघराची. सेलूत माझ्या पगाराला परवडेल आणि माझ्या वेळेला उघडं असेल असं मला मिळालं नाही. अंगणवाडी दाराशी आहे, पण तिथे बसवतात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तेही काही तास. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला तिथे वजन, लसीची आठवण आणि घरी न्यायचा आहार मिळतो, मांडी मिळत नाही. नेमकं ज्या वयात मूल क्षणभर नजरेआड करता येत नाही, त्या वयाला सरकारी योजनेत भोक आहे. कायद्याचंही तसंच. कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, म्हणजे मालकाने बाया तीसवरच थांबवाव्यात अशी सोय झाली. 2017 साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पुरुष धरून 50 कामगार असतील तिथे पाळणाघर आलं, आणि तीच अट 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. ही सुधारणा खरीच. पण पाळणाघरात दिवसातून चार वेळा जायची मुभा कायद्याने दिली ती फक्त आईला! शिवाय आमच्या गावात पन्नास माणसं एका छताखाली कामाला असतात किती ठिकाणी? दुकानं, पतसंस्था, दवाखाने, वावरं, यांतली कुणीच त्या आकड्यात बसत नाही.

याचं उत्तर महाराष्ट्रात एकदा शोधलं गेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला गेल्या, 1957 मध्ये कोसबाडला. तिथल्या वारली मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं असत. बाईंनी पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवत बसण्याऐवजी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. तिला विकासवाडी म्हणत. मुलगी भावंडाला कडेवर घेऊन यायची, त्याला पाळणाघरात सोडायची आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायची. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दिवसाची पाळणाघरं म्हणजे मुलींच्या शिक्षणाचा आधार, हे मान्य केलेलं आहे. धोरणात आलं, आमच्या गल्लीत आलं नाही.

शेवटी आम्ही सहाजणींनी एक खोली भाड्याने घेतली. दोन बाया, त्यातली एक मावशी. प्रत्येकीला 6000. भाडं 1500, दूध-खिचडी-साबण 1500. एकूण 15,000, सहा घरांत वाटून 2500. मावशीचा मुलगा सातवा, त्याचे पैसे नाहीत. म्हणजे मी आधीपेक्षा 1500 कमी देत होते आणि मावशीला 2000 जास्त मिळत होते. वरून तिचं लेकरू तिच्या नजरेसमोर, आणि पोरगी शाळेत. मुलं बारा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची, एका बाईकडे तीन किंवा चार. यापेक्षा जास्त झाली तर एकीला शी धुवायला नेलं की बाकीच्यांना कुणी नसतं.

मूल रुळवायला आम्ही दहा दिवस धरले. पहिले तीन दिवस आई किंवा बाप तिथेच बसून राहणार, मूल खेळत खेळत दूर जाऊन परत येणार. मग अर्धा तास बाहेर, मग दोन तास, मग जेवण तिथे, शेवटी झोप तिथे. जाताना लपून पळायचं नाही, "जाऊन येते" सांगूनच जायचं, रडलं तरी. लपून गेलेल्या आईची मुलं दिवसभर दाराकडे बघत बसतात, हे मावशीनेच आम्हाला दाखवलं. सोडताना मूल रडतं यावरून काही ठरत नाही. पडल्यावर, भूक लागल्यावर ते बाईकडे धावतं का, हे पाहायचं. धावत असेल तर जागा चांगली. एका कोपऱ्यात गप्प बसून राहत असेल, तर भिंतीवर कितीही चित्रं चिकटवलेली असोत, काहीतरी बिघडलं आहे. हे कळावं म्हणून कुणीही पालक न सांगता, दुपारी एकला सुद्धा, आत येऊ शकेल असा नियम केला. माझ्या नवऱ्याची पाळी शनिवारी असते, आणि आता बसमध्ये त्यालाही लोक विचारतात.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पहिल्या दोन महिन्यांत सर्दी-ताप सातही जणांना फिरून आला. ताप असेल तर मूल आणायचं नाही असं ठरवलं, तेव्हा रजा पुन्हा आयांच्याच गेल्या. सासूबाई अशा दिवशी मदतीला येतात, आपल्या खुशीने, आणि पाच वाजता भजनाला निघून जातात. 6000 ही काही मजुरी म्हणता येत नाही, मावशीने आम्हाला ते स्पष्ट ऐकवलं आहे आणि आमच्याजवळ उत्तर नाही. वावरात जाणाऱ्या मजूर बाईला महिन्याचे 2500 झेपणारच नाहीत. ज्यांना खोलीची सर्वांत जास्त गरज, त्या तिच्या दारातच थांबतात.

म्हणून वर्गणीच्या जोरावर ही गोष्ट फार पुढे जाणार नाही, सरकारी पैसा आणावाच लागेल. तशी तरतूद आहे. मिशन शक्तीखाली 2022 पासून 'पाळणा' योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्याला 26 दिवस आणि दिवसाला साडेसात तास. 25 मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस त्यात धरली आहे. पाच-सहा रांगती मुलं असली तर ही माणसं कमी पडतात, आणि साडेसात तासांत आमची साडेपाचची सुट्टी बसते, पण सकाळी सहाला वावरात निघणारी बाई बसत नाही. आम्ही अर्जात या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या आहेत, वेळ गावाने ठरवावी आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक बाई वाढवून द्यावी. सोबत वस्तीनिहाय यादी जोडली, कुठल्या घरात किती लेकरं, आई कामाला किती वाजता जाते, आणि ते लेकरू सांभाळायला कोणत्या इयत्तेतली मुलगी घरी राहते. शेवटचा रकाना भरताना आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण घरोघरी पहिलं उत्तर एकच मिळे, "घरीच असते, कोणी पाहायले लागत नाही."