चाचा, किल्ल्या ठेवा आणि चहा घ्या

गेल्या महिनाअखेरीस आमच्या मुलींच्या शाळेतले क्लार्कचाचा बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. शिक्षकांच्या खोलीत समोसे आणि चहा होता. चार शब्द बोलायचे आमच्याकडे आले. ते असे:

चाचा, तुमची अक्षरं, तुमची शिस्त, सगळं सांगत बसलो तर मगरिब होईल. म्हणून आम्ही एकच दुपार सांगतो.

डिसेंबर महिना होता. दहावीतल्या एका मुलीचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. घाईत होते. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. दाखला अडवून ठेवता येत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक! त्यांना खुर्ची दिलीत, अर्जाचा कागद पुढे केलात आणि म्हणालात, "भाईजान, शाळा सोडण्याचं कारण तुम्हीच लिहा. मी लिहिलं आणि चुकलं, तर रजिस्टरमध्ये खाडाखोड होते."

बराच वेळ पेन हलेना. शेवटी त्यांनी लिहिलं, "लग्न".

मग तुम्ही जनरल रजिस्टर उघडलंत, पान त्यांच्याकडे फिरवलंत आणि जन्मतारीख वाचायला सांगितलीत. आकडी नव्हे, अक्षरी. आकडा नजरेखालून निसटतो, अक्षरी तारीख सावकाश वाचावी लागते. दाखल्यावर ती तशीच उतरते. वाचून झाल्यावर तुम्ही बोटांवर हिशेब केलात: पंधरा वर्षं चार महिने. अठराला अजून दोन वर्षं आठ महिने. "ही तारीख आणि हे कारण एकाच कागदावर येणार. खाली मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का. हा कागद तुम्ही कुणाला दाखवणार?"

आवाज चढवला नाहीत. कायद्याचं नावसुद्धा काढलं नाहीत. आम्ही शेजारच्या टेबलावर पेपर तपासण्याचं सोंग करत होतो.

त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. "परीक्षेनंतर बघू," म्हणाले.

निकालानंतर ती मुलगी एकटीच आली. कारणाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, "इयत्ता दहावी उत्तीर्ण". पुढे एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, बारावीनंतरचं शिक्षण राहिलं. तुम्हाला ती चुटपुट आहे, हेही आम्हाला माहीत आहे. पण निकाहनाम्यावरची सही तिची स्वतःची होती आणि वय खरं होतं.

आता तुमच्याच जन्मतारखेने तुम्हाला पकडलं. अठ्ठावन्न पूर्ण झाली, महिन्याचा शेवटचा दिवस आला. तुमच्या सेवापुस्तकात तरी खाडाखोड कशी सापडणार!

अल्लाह तुम्हाला सेहत देवो. कपाटाच्या किल्ल्या नव्या मुलाकडे द्या. कारणाचा रकाना आधी कुणाकडून भरून घ्यायचा, तेवढं मात्र त्याला आजच सांगून जा. चहा निवतोय, चाचा. पहिला कप तुमचा.