कंबर कोणती?

मराठीच्या मास्तराने स्पॅनिशमधून योगासने शिकवावीत, असा योग यंदा उन्हाळ्यात जुळून आला. शेजाऱ्यांकडे मेक्सिकोहून पन्नाशीच्या एक बाई पाहुण्या आल्या होत्या. त्यांना इंग्रजी बेताचेच, आणि मी हौसेने स्पॅनिश शिकलेला. तेव्हा रोज सकाळी आमच्या गच्चीवर सतरंजी पडू लागली.

आज्ञा देणे तसे सोपे. 'लेवान्ते लोस ब्रासोस' म्हणजे 'हात वर करा'. यातले 'लेवान्ते' अहोजाहोचे. परक्या बाईंना तेच शोभते. इंग्रजीसारखे 'तुमचे हात' म्हणावे लागत नाही. हात कोणाचे, हे आपल्याप्रमाणे त्यांनाही ठाऊक असते! मात्र आपण आधी अवयव सांगतो, मग क्रिया. तिकडे क्रिया आधी. 'लेवान्ते' ऐकताच बाई काहीतरी उचलू लागत. म्हणून वाक्य पुरे करून, क्षणभर थांबून, 'आओरा' म्हणजे 'आता' म्हणायचे, असे आम्ही ठरवून टाकले.

खरी मौज अवयवांची. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत एकच. त्यांचा 'ब्रासो' मनगटाशी संपतो आणि पुढे 'मानो' लागतो. आपल्या पायाचेही तिथे दोन भाग: घोट्याच्या वर 'पिएर्ना', खाली 'पिए'. पण हातापायांत चालून जाते, कंबरेत चालत नाही. उत्तानासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकताना, आपण 'कंबरेतून वाका' म्हणतो. शब्दकोशात कंबरेला 'सिन्तुरा' सापडेल. पण ती परकराची नाडी बांधतात ती जागा. तिथून वाकले की पाठीला कुबड येते आणि ताण मणक्यावर जातो. वाकायचे ते मांडीच्या सांध्यातून, आणि त्याला शब्द आहे 'कादेरा'.

तेव्हा पहिल्या दिवशी त्यांचे दोन्ही तळवे मांड्यांच्या मुळाशी ठेवायला सांगितले आणि म्हटले, "देस्दे ला कादेरा." इथून. मग 'दोब्ले उन पोको लास रोदियास', गुडघे थोडे वाकवा; 'एक्साले', श्वास सोडा; आणि सावकाश खाली. बाईंची पाठ सपाट राहिली. त्यांनी मांडीच्या मागच्या बाजूवर हात ठेवून ताण तिथे बसतो असे दाखवले. बरोबर जागा तीच.

एवढ्यात सौ. दारातून म्हणाली, "अहो, दुखतंय का ते तरी विचारा! पाहुणी माणसं आपणहून सांगत नाहीत."

'ले दुएले?' दुखते का? बाई हसून 'नो' म्हणाल्या, पण जबडा आवळलेला आणि श्वास कोंडलेला. असे दिसले की उत्तराची वाट पाहू नये. मी खुर्ची पुढे ओढली. बाईंनी तिच्या पाठीवर हात टेकले, निम्म्यावरच थांबल्या, आणि श्वास पुन्हा चालू झाला. तीन श्वासांनंतर 'इनाले', श्वास घ्या, आणि हळूहळू वर. डोके सर्वांत शेवटी, नाहीतर घेरी येते. रक्तदाबाच्या माणसांनी तर डोके खाली नेऊच नये. त्यांना ही खुर्चीच बरी.