दाखल्यावरचा गोल शिक्का मारलेला की चिकटवलेला? 'धाराशिव' नावाने दिलेला धागा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ येते. रहिवासी दाखला, खाली सही, बाजूला निळा गोल शिक्का. दाखल्याची तारीख २०१९ ची, पण शिक्क्याच्या कडेला अक्षरं 'जि. धाराशिव'. इथेच थांबायचं.

शहराचं नाव फेब्रुवारी २०२३ मध्ये बदललं, जिल्हा आणि तालुक्याच्या नावाची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. म्हणजे २०१९ साली त्या कार्यालयाकडे असा शिक्का असणं जवळपास अशक्य. दुसऱ्या एखाद्या नव्या कागदावरून तो कापून आणलेला असू शकतो. उलटं मात्र लगेच धरू नका. २०२४ च्या कागदावर 'उस्मानाबाद' दिसलं तर कुणी जुनाच रबरी शिक्का वापरला असेल. तसंच जुन्या कागदाची नक्कल नंतर साक्षांकित केली असेल, तर नवा शिक्का बरोबरच आहे. फक्त त्याच्याजवळ नंतरची तारीख हवी.

नाव जुळत असेल तर शाई बघा. हाताने मारलेला शिक्का दोनदा सारखा उमटत नाही. कोन बदलतो, एका बाजूला दाब कमी पडतो, कुठे अक्षर तुटतं. तीन पानांवर कड त्याच जागी तुटलेली आणि कोनही तोच असेल, तर एकच चित्र तीनदा ठेवलंय. झूम केल्यावर शिक्क्याभोवती पांढुरकी किनार दिसली किंवा मजकूर धारदार पण शिक्का धूसर दिसला, तरी शंका घ्यायची.

लॅपटॉपवर पॉपलर असेल तर ही कमांड चालवा:

```
pdfimages -list dakhla.pdf
```

साध्या स्कॅनमध्ये बहुतेकदा पानाला एकच चित्र दिसतं. चिकटवलेल्या शिक्क्याची वेगळी छोटी ओळ येते आणि तिच्याखाली `smask`, म्हणजे पारदर्शक भागाचा मुखवटा. पण काही स्कॅनर फाईल लहान करायला स्वतःच पानाचे थर पाडतात, तिथेही `smask` येतो. आणि कुणी पान छापून पुन्हा स्कॅन केलं की थर एकत्र होतात, मग ही कमांड काहीच सांगत नाही. (मला विचाराल तर पहिला पुरावा शिक्क्यावरचं नाव, कमांड नंतर.)

खरी अडचण अशी की शिक्क्याच्या चित्राचा मजकुराशी काहीच संबंध नसतो. डिजिटल सहीचा असतो. सही पूर्ण फाईलच्या हॅशवर केलेली असते, एक अक्षर बदललं तरी पडताळणी फसते. म्हणूनच डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला वेगळा सही-शिक्का लागत नाही. 'आपले सरकार'चा दाखला असेल तर शिक्का न्याहाळत बसू नका, पोर्टलवर पडताळा. ग्रामपंचायतीचा हाती लिहिलेला असेल तर जावक क्रमांक घेऊन कार्यालयातल्या नोंदवहीशी जुळवा.

'फक्त फॉर्मसाठी' म्हणून शिक्का चिकटवणाऱ्यांसाठी: भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला कलम ३३६(३) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो कागद खरा म्हणून पुढे वापरणाऱ्याला कलम ३४० लागतं, मग शिक्का दुसऱ्याने चिकटवून दिलेला का असेना.