विशाखाचं नक्षत्र कोण ठरवतं?

मोर्शी भागात सोयरिकीची बोलणी निघाली की पाहुणे मुलगी पाहायला कधी आणायचे, यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरतं. बौद्ध घरातही उतरतं. आम्ही हटकलं की उत्तर ठरलेलं असतं, "भटजी कुठी बोलावला आमी? क्यालेंडरच तं पायलं!"

मित्रहो, कॅलेंडर पाहणं म्हणजे काय, ते एकदा करून बघू.

समजा, मुलगी विशाखा आणि मुलगा मिलिंद. जन्मवेळ कुणी लिहून ठेवलेली नाही. मग पंचांग नावाच्या पहिल्या अक्षरावरून नक्षत्र देतं. 'वि'वरून रोहिणी, 'मि'वरून मघा. म्हणजे आईबापानं बुद्धाच्या उपासिकेचं नाव ठेवलं आणि पंचांगानं त्यातून तिचं नशीब काढलं! गंमत अशी की विशाखा नावाचं नक्षत्र असूनही ते विशाखाच्या वाट्याला येत नाही.

पुढे ताराबळ. जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊनं भागायचं. बाकी ३, ५ किंवा ७ उरली तर दिवस वाईट. उत्तरा फाल्गुनीचा दिवस रोहिणीपासून नववा, म्हणून विशाखाला चांगला. तोच मघापासून तिसरा, म्हणून मिलिंदला वाईट. दोघांचे वाईट दिवस वगळले की २७ नक्षत्रांपैकी फक्त ९ उरतात. त्यात रविवार सरासरी एखादाच. त्यातूनही अमावास्या टाळा, आणि रविवारी साधारण साडेचार ते सहा राहुकाळ, तोही टाळा.

रोजमजुरी करणाऱ्या बापाला सुट्टी रविवारचीच. तो चुकला की मजुरी बुडवायची, नाहीतर बोलणी महिनाभर पुढे ढकलायची. तोवर पाहुणे दुसरीकडे मुलगी पाहून मोकळे होतात.

अगदी हेच नक्खत्त जातकात घडतं. वाराणसीच्या एका कुटुंबानं खेड्यातली मुलगी ठरवली. दिवस आधीच ठरवून मग आपल्या आजीवकाला विचारलं. आधी विचारलं नाही म्हणून तो रुसला आणि आज नक्षत्र वाईट आहे म्हणाला. वरपक्ष गेलाच नाही. खेड्यातल्यांनी वाट पाहून मुलगी दुसऱ्याला दिली. दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तातही लग्नाचे मुहूर्त सांगून पोट भरणं हीन विद्येत मोजलं आहे.

१९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी न करण्याची प्रतिज्ञा आहे. भटजी दारात आला नाही, पण त्याचं गणित भिंतीवर टांगलेलं असेल, तर आपण नेमकं काय सोडलं? आणि पंचांग सोडून 'पौर्णिमा शुभ' म्हणणारेही त्याच वाटेवर आहेत. पौर्णिमा वंदनेची आहे, शकुनाची नाही.

दिवस ठरवायचाच ना? संत्र्याची तोड कधी आटोपते ते बघा, मुलीचा पेपर कधी आहे ते बघा. आणि सगळ्यात आधी, हे स्थळ तिला पाहायचं तरी आहे का, ते तिलाच विचारा.

जय भीम!