‘चमक मारते’चे ‘जॉइंट पेन’ होते तेव्हा

उपकेंद्रातून दूरसल्ल्यासाठी किंवा संदर्भसेवेसाठी पुढे जाणाऱ्या नोंदींबद्दल आमचे डॉक्टर वाचक पुन्हा पुन्हा एकच तक्रार करतात. तक्रारीच्या रकान्यात ‘बॉडी पेन’, ‘जॉइंट पेन’ किंवा ‘बर्निंग’ यापलीकडे काही नसते, मग निदान कशावर करायचे? समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची तक्रार नेमकी उलट बाजूची आहे. रुग्ण पाच मिनिटे बोलतो, रकाना दोन शब्दांचा असतो, आणि रुग्णाचाच शब्द देवनागरीत लिहिला तर ‘हे काय लिहिले आहे, टर्म वापरा’ असे वरून ऐकावे लागते. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. दुखण्याचे वर्णन म्हणजे मराठी शब्द काढून त्या जागी इंग्रजी शब्द बसवणे, अशी आपल्या व्यवस्थेची समजूत झाली आहे. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

तुमसर तालुक्यातले सिहोरा घ्या. मध्य प्रदेशची हद्द जवळ, पलीकडे बालाघाट जिल्हा. या पट्ट्यात कानावर झाडीबोली पडते, अनेक घरांत पोवारी बोलली जाते आणि बाजारात हिंदी चालते. इथल्या रुग्णाचे वाक्य आशाताई आपल्या मराठीत सांगणार, अधिकारी ते इंग्रजीत टंकणार आणि दूर बसलेला डॉक्टर फक्त तो इंग्रजी शब्द वाचणार. अधिकारी दुसऱ्या विभागातून आलेला असेल तर पहिल्याच पायरीवर शब्द निसटतो. प्रत्येक पायरीवर अर्थ थोडा सपाट होतो, आणि शेवटच्या माणसाला वाटते की रुग्णानेच असे मोघम सांगितले.

रुग्ण मोघम सांगत नाही, हे आधी मान्य करू. मराठी माणूस दुखणे क्रियापदाने सांगतो आणि त्या क्रियापदात वेळ असते. ‘चमकते’ म्हणजे क्षणात आले आणि गेले. ‘ठणकते’ म्हणजे टिकून आहे आणि ठोके पडल्यासारखे आहे. ‘ठसठसते’ म्हटले की पू धरल्याची शंका यावी. ‘सलते’ म्हणजे आत काही रुतल्यासारखे, हलले की जाणवणारे. ‘कळ आली’ आणि ‘कळा येतात’ यांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण दुसऱ्यात लाटेसारखे चढणे-उतरणे आहे. पोटाच्या रुग्णात तो फरक मोलाचा असतो. आतडे किंवा मूत्रवाहिनी आवळली जात असेल तर रुग्ण तळमळतो, कूस बदलतो. पोटाच्या अस्तराला सूज असेल तर तो हलायलाही घाबरतो. हे सगळे शब्द ‘पेन’ या एका नामात कोंबले की वेळ गळून पडते, आणि निदानाला बहुधा तीच हवी असते. उलट्या दिशेचीही अडचण आहे. छापील प्रश्नावल्यांत ‘डल एक’साठी ‘बोथट वेदना’ असे शब्द सापडतात. आपल्या ओपीडीत ‘बोथट वेदना होते’ असे कोणी म्हणत नाही. लोक ‘बारीक बारीक दुखते’ म्हणतात, ‘दुखत राहते’ म्हणतात, ‘जड जड वाटते’ म्हणतात. यातल्या ‘बारीक’चा ‘माइल्ड’ केला की सतत चालू असणे हरवते आणि फक्त कमी असणे उरते.

आता आपल्या जिल्ह्याला लागू असलेले एकच उदाहरण नीट पाहू. भंडाऱ्यासह पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. समजा, रोवणीच्या दिवसांत चाळिशीतली एक बाई येते. ती म्हणते, ‘कोपरापासून करंगळीपर्यंत चमक मारते, रात्री आग-आग होते, बोटं मेल्यावानी वाटतात.’ नोंद होते ‘जॉइंट पेन, एल्बो’. डॉक्टरच्या डोळ्यांपुढे चिखलात वाकून काम करणारी बाई आणि दुखावलेला सांधा येतो. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि मलम मिळते. या चित्रात चूक डॉक्टरची नाही, कारण त्याला मिळालेल्या दोन शब्दांतून हेच चित्र तयार होते. पण बाईने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. ‘चमक मारते’मध्ये विजेसारखा झटका होता, ‘आग-आग’मध्ये जळजळ होती आणि ‘मेल्यावानी’मध्ये बधिरता होती. शिवाय ‘कोपरापासून करंगळीपर्यंत’ हा एक मार्ग होता. सांधा असा रेघ ओढून दुखत नाही. हा अल्नर नसेचा मार्ग आहे, आणि झटका, जळजळ व बधिरता एकत्र आल्या की नसेचे दुखणे आधी मनात यायला हवे. नसेच्या दुखण्यासाठी 2005 साली प्रसिद्ध झालेली डीएन-4 प्रश्नावली याच खुणा विचारते. तिच्यात 10 गुण आहेत आणि 4 किंवा अधिक आले तर नसेचे दुखणे धरतात. बाईच्या एका वाक्यात त्यातले तीन गुण आले होते. स्पर्श आणि टोचणी यांची तपासणी केली असती तर चौथा मिळण्याची शक्यता मोठी होती.

यापुढची तपासणी उपकेंद्रातही होते. कोपराच्या आतल्या हाडामागच्या खाचेत नस दोन्ही बाजूंना चाचपून पाहायची: एक जाड लागते का, आणि दाबताना चेहऱ्यावर काय उमटते? डोळे मिटायला सांगून करंगळीवर बॉलपेनचा हलका स्पर्श करायचा. करंगळी बाहेर पसरायला सांगून आपल्या बोटाने विरोध करायचा. अंगावर चट्टा आहे का, पूर्वी एमडीटी घेतली होती का, हे विचारायचे. इथे फसवणारी गोष्ट अशी की 6 किंवा 12 महिन्यांचा एमडीटीचा कोर्स पूर्ण झाल्यानंतरही प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ‘कोर्स झालाय’ या उत्तराने शंका मिटत नाही. नसेचा दाह ठरला तर प्रेडनिसोलोन लागते. राष्ट्रीय कार्यक्रमाची रूढ पद्धत रोज 40 मिलिग्रॅमने सुरू करून साधारण 12 आठवड्यांत उतरवत नेण्याची आहे, आणि त्याआधी मधुमेह, क्षयरोग व पायाच्या जखमा तपासण्याची. नसेचे काम गेल्याला सहा महिन्यांहून कमी काळ झाला असेल तर ते परत येण्याची आशा असते. ‘जॉइंट पेन’ लिहून गोळ्यांवर दोन-तीन फेऱ्या गेल्या की हाच काळ संपतो. मग करंगळी आणि अनामिका वाकतात, आणि त्या वाकलेल्या बोटांची नोंद मात्र अचूक इंग्रजीत होते.

यावर पहिला आक्षेप असा की वर्णनाच्या शब्दांवर एवढा भरवसा कशाला, शेवटी निदान तपासणीच ठरवते. आक्षेपाचा अर्धा भाग बरोबर आहे. कुष्ठरोगातच नस मुळीच न दुखता निकामी होऊ शकते, म्हणून ‘दुखत नाही’ ऐकून तपासणी सोडणे धोक्याचे आहे. छातीच्या दुखण्यातही शब्दावरून हृदयविकार नाकारता येत नाही. जळजळ म्हटली म्हणून आम्लपित्त ठरत नाही, कारण हृदयविकाराचा झटकाही काहींना जळजळीसारखा वाटतो. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. कोणती तपासणी करायची हे शब्द ठरवतात. चुकीचा शब्द लिहिला गेला तर योग्य तपासणी सुचतच नाही. विल्यम हेबर्डेन यांनी 1768 साली अँजायनाचे वर्णन केले तेव्हा त्यांनी गळा आवळल्यासारख्या भावनेवर भर दिला होता. आपला रुग्ण तीच भावना ‘दडपण येते’, ‘छाती भरून येते’ अशी सांगतो. त्याला आपण ‘छातीत दुखते का?’ विचारतो, तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि नोंद होते ‘नो चेस्ट पेन’. इथे रुग्ण खोटे बोलला नाही आणि अधिकाऱ्यानेही खोटे लिहिले नाही. प्रश्नातले ‘दुखणे’ फार अरुंद होते. म्हणून ‘दुखते का’ऐवजी ‘काय वाटते, कुठे वाटते’ असे विचारले पाहिजे आणि चालताना वाढते का, थांबल्यावर कमी होते का, हे जोडले पाहिजे.

दुसरा आक्षेप शब्दकोशाचा. बोलींतल्या शब्दांची यादी करा, इंग्रजी अर्थ लावा, प्रत्येक उपकेंद्राला द्या, असे काही वाचक सुचवतात. यादी उपयोगी पडेल, पण तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण शब्दाचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. जळजळ छातीत वेगळी, लघवीत वेगळी, तळव्यांत वेगळी, डोळ्यांत वेगळी. रोनाल्ड मेलझॅक यांची मॅकगिल प्रश्नावली 1975 साली आली. तिच्यात 20 गटांत 78 शब्द आहेत. पण ते शब्द कोशातून उचललेले नव्हते. 1971 साली मेलझॅक आणि टॉर्गरसन यांनी 102 शब्द घेऊन डॉक्टर, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्याकडून त्यांची तीव्रता ठरवून घेतली होती. आपण त्यांच्या शब्दांचे भाषांतर घेतो आणि त्यामागचे काम घेत नाही. ‘आग’ आणि ‘जळजळ’ यांत जास्त कोणती, ‘चमक’ आणि ‘कळ’ यांत लांब कोणती, हे सिहोऱ्याच्या रुग्णालाच विचारून ठरेल, आणि पोवारी बोलणाऱ्याचे उत्तर वेगळे येऊ शकते.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो सर्वांत खरा आहे. रांग बाहेर उभी असताना भाषाशास्त्र कोण करणार? पण आम्ही मागतो आहोत ते फारच थोडे. रुग्णाचा शब्द अवतरणात, देवनागरीत, जसाच्या तसा लिहा. दुखणे एका बोटाने दाखवायला सांगा, आणि त्याने बोटाने जागा दाखवली, तळहाताने भाग झाकला की रेघ ओढली, हे लिहा. सतत आहे की येते-जाते, आणि कशाने वाढते, हे लिहा. एवढे झाले की मगच इंग्रजी शब्द निवडा. कठीण शब्द आला तर रुग्णाला विचारा, ‘मेल्यावानी म्हणजे चिमटा कळतो की कळत नाही?’ त्याचे उत्तर हेच भाषांतर आहे, आणि आशाताई सोबत असतील तर ते उत्तर त्यांच्याकडून पुन्हा एकदा पडताळून घ्या. याला दोन मिनिटे लागतात. तीन फेऱ्यांच्या गोळ्यांना त्याहून कितीतरी जास्त लागतात.

अधिकारीवर्गाला आमचे स्पष्ट म्हणणे आहे: देवनागरी शब्द पाहून नोंद अपुरी ठरवणे थांबवा. तक्रारीच्या चौकटीखाली ‘रुग्णाच्या शब्दांत’ अशी एक ओळ छापा. तिला निधी लागत नाही. आणि दूरसल्ला देणाऱ्या डॉक्टरांनो, ‘जॉइंट पेन’ वाचून औषध लिहू नका. पलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याला विचारा, ‘ती नेमकं काय म्हणाली?’

या अंकासोबत एक कोरे पोस्टकार्ड जोडले आहे. आपल्या ओपीडीत या महिन्यात ऐकलेला दुखण्याचा एक शब्द, रुग्णाने दाखवलेली जागा आणि तपासणीअंती ठरलेले निदान एवढेच लिहून 15 तारखेपर्यंत पाठवा. रुग्णाचे नाव नको, गाव नको. शब्द मात्र जसा ऐकला तसाच लिहा.