तुळस वाळली, आणि बोल सुनेला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या तलासरीत पाऊस सुरू झाला की चार-चार दिवस थांबायचं नाव घेत नाही. अशाच एका सकाळी शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आमची तुळस गेली हो. बारा वर्षांत असं झालं नाही. सून आली आणि हे!"

सून मे महिन्यात आलेली. पहाटे उठून न्हाऊन तुळशीला तांब्याभर पाणी घालायची, हळद-कुंकू वाहायची, प्रदक्षिणा घालायची, संध्याकाळी दिवा लावायची. एक दिवस चुकली नव्हती. त्या दिवशी ती ओट्याआड उभी राहून डोळे पुसत होती. मैत्रिणींनो, तिचा तो चेहरा बघितला म्हणूनच आज हे लिहायला बसले.

मी आजींना म्हटलं, "चला, बघू तरी." रोप धरलं तर अलगद हातात आलं. मुळं तपकिरी, गिळगिळीत, कुजकट वास. खोडाचा मातीलगतचा भाग काळा पडलेला, बोटाने दाबला तर मऊ. माती तर चिखल. तहानेने मेलेली तुळस अशी नसते. तहानलेली तुळस दुपारी मान टाकते, माती कोरडी असते आणि पाणी घातलं की तासाभरात पुन्हा ताठ होते. मुळं कुजलेली तुळस मात्र ओल्या मातीतही सकाळपासूनच मलूल दिसते, खालची पानं पिवळी पडून गळतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी एक तांब्या घालतो. तिथेच घात होतो.

पण मग बारा वर्षं कशी जगली? हा आजींचा प्रश्न बरोबरच होता. उत्तर सापडलं ते वृंदावनाच्या पायाशी. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, फेब्रुवारी २०१९ मध्ये तर ४.१ तीव्रतेचा बसला, ते तुम्हाला सांगायला नको. थंडीत अंगणात झोपलेल्या रात्री कोण विसरेल? त्या दिवसांत यांच्या वृंदावनाला तळाशी बोटभर तडा गेला होता. त्याआधी आजी दर पावसाळ्यात वृंदावनावर जुना पत्रा टाकायच्या, तडा गेल्यापासून पत्र्याची आठवणही झाली नव्हती. कारण पाणी त्या तड्यातून आपोआप निघून जात होतं. यंदा लग्नघर म्हणून गवंड्याने तडा सिमेंटने बुजवला, वर तेलरंग दिला. वृंदावन झालं झकपक, पण आतून बंद हौद! जूनचा पाऊस आला, त्यात रोजचा तांब्या. रोप महिनाभर टिकलं हेच नवल.

म्हणजे दोष असलाच तर गवंड्याचा, आणि तोही अजाणता. सुनेचा पायगुण कुठे आला यात? मला याचाच राग येतो. झाड मेलं की कारण मातीत शोधायचं सोडून आपण ते घरातल्या सगळ्यात नवीन बाईत शोधतो. आणि बोल लावणारीही बाईच असते.

आता थोडं पूजेबद्दल. मला वाटतं, आपल्या रीतीत झाडाचं भान होतं, आपण ते सिमेंटखाली पुरलं. प्रदक्षिणाच घ्या ना. तुळस उजव्या हाताला ठेवून भोवती फिरायचं, म्हणजे चारही बाजूंना माणूस फिरेल एवढी जागा हवीच. तेवढी जागा सोडली की झाडाला चारी बाजूंनी वारा आणि ऊन मिळतं. आता घरं दाटीने बांधली जातात, वृंदावन भिंतीला चिकटवतात आणि बाई जागच्या जागी स्वतःभोवती फिरते. पाठीमागची बाजू कुणी बघतच नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण बसतो तो नेमका तिथेच. फिरताना डोळे मिटू नका, हे माझं सांगणं. एखाद्या फांदीवर दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढता येतो, सगळीकडे पसरला की कठीण.

पाण्याचंही तसंच. काही घरांत रविवारी आणि एकादशीला तुळशीला पाणी घालत नाहीत. पावसाळ्यात तो खाडा झाडाला मानवतो. मे महिन्यात मात्र आदल्या संध्याकाळी नीट भिजवून ठेवावं. एरवी बोटाचं एक पेर मातीत खुपसून बघायचं. ओल लागली तर पूजेपुरती पळीभर पुरे. दूध घालू नये, आंबतं आणि मुंग्या लागतात. हळद-कुंकू बुंध्यावर न थापता वृंदावनाच्या भिंतीला लावावं.

दिव्याची जागा जुन्या माणसांनी ठरवूनच दिली होती, वृंदावनाच्या पोटातली दिवळी. तिथे वाऱ्याने विझत नाही आणि झाडाला आच लागत नाही. आपण मात्र निरांजन थेट मातीत, खोडाशी टेकवतो. खालची पानं करपतात, सांडलेलं तेल मातीत मुरतं. दिवळी नसेल तर कट्ट्याच्या कडेला, वीतभर दूर ठेवला तरी सांजवात ती सांजवातच.

एक अवघड गोष्टही बोलून टाकते. पाळीचे चार दिवस पुष्कळ घरांत बाई तुळशीजवळ जात नाही. एकटी बाई असलेल्या घरात ऐन उन्हाळ्यात चार दिवस कुंडी कोरडी राहते. मी स्वतः त्या दिवसांतही पाणी घालते, मला त्यात विटाळ दिसत नाही. ज्यांना ते पटत नाही त्यांनी तांब्या नवऱ्याच्या हातात द्यावा. त्याला काही मंत्र यावे लागत नाहीत!

तर शेजारी पुढे काय झालं ते सांगते. आजींच्या मुलाने छिन्नी-हातोडीने वृंदावनाच्या तळाशी, आतल्या मातीच्या पातळीला, बोट जाईल अशी दोन भोकं पाडली. काळं, गढूळ पाणी कितीतरी वेळ वाहत होतं. सगळी माती काढली, तळाला चार बोटं विटांचे तुकडे घातले, वर निम्मी माती, पाव रेती आणि पाव जुनं शेणखत. रोप कुठून आणायचं हा प्रश्न आला, तेव्हा आजींनाच आठवलं की देवाला वाहिलेल्या मंजिऱ्या त्यांनी डब्यात ठेवल्या होत्या. मंजिरी तपकिरी झाली की ती खुडायचीच असते, नाहीतर झाडाची सगळी ताकद बियांत जाते आणि फांद्या काष्ठ होतात. सुनेने त्या तळहातावर चोळल्या, मोहरीहून बारीक बी निघालं. पसरट कुंडीत भुरभुरवून वर चिमूटभर माती, आणि कुंडी पागोळ्यांपासून दूर ओटीवर. आठ-दहा दिवसांत हिरवी टिंबं दिसायला लागली. वीतभर झाल्यावर त्यातलं जोमदार रोप वृंदावनात गेलं.

कार्तिकात त्याच तुळशीचं लग्न लागलं. ऊस, चिंचा, आवळे, सगळं साग्रसंगीत. उरलेली अकरा रोपं आजींनी ओळीने मांडून ठेवली होती. येणाऱ्या प्रत्येकीला एकेक देताना त्या बजावत होत्या, "कुंडीला भोक आहे ना बघून घे गं आधी. आमच्या सूनबाईने लावलीत ही."